विश्लेषण : शेताची वाट अडली तर दाद कोणाकडे? सरपंच, पाटील, तहसीलदार की कलेक्टर?

पेरणीच्या तोंडावर आणि पुन्हा सोयाबीन काढणीच्या वेळी ग्रामीण भागात एका तक्रारीला ऊत येतो. शेजाऱ्याने बांध फोडला, चर खणला किंवा काटेरी कुंपण घातले आणि ट्रॅक्टर शेतात न्यायला वाट उरली नाही. राज्य सरकारने मे २०२५ मध्ये शेतरस्त्यांबाबत नवा शासन निर्णय काढला. शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असे त्यात म्हटले आहे. परंतु वाट अडलेला शेतकरी पहिला अर्ज कोणाकडे देतो, यावरच पुष्कळदा प्रकरणाचा निकाल ठरतो. आधी सरपंच, मग पोलीस पाटील, मग ठाणे, मग थेट कलेक्टर अशा फेऱ्यांत चार-पाच महिने सहज जातात. कायद्याने दिलेली मुदत मात्र सहाच महिन्यांची असते. या प्रत्येक पदाच्या हातात नेमके काय आहे आणि काय नाही, याचा हा आढावा.

सरपंच रस्ता मोकळा करू शकतो का?

काही रस्ते तो करू शकतो, पण शेतातला सहसा नाही. सरपंच हा निवडून आलेला लोकप्रतिनिधी आहे, सरकारी अधिकारी नव्हे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार पंचायतीचे कार्यकारी अधिकार त्याच्याकडे असतात. तो मासिक सभा आणि ग्रामसभेचे अध्यक्षस्थान घेतो, ठरावांची अंमलबजावणी करतो आणि पंचायतीच्या निधीतील खर्चावर ग्रामसेवकासह सही करतो. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे २०२४ मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्यात आले, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, यावर राज्यात दोनदा धोरण फिरले. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडीने सरपंचाचे राजकीय वजन वाढले, शेतातली वाट खुली करण्याचा अधिकार मात्र त्याला मिळाला नाही.

याच अधिनियमाच्या कलम ५३ नुसार गावातील सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर कोणी अडथळा उभा केला, तर तो काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. म्हणजे गावठाणातील गल्लीत कोणी ओटा पुढे काढला, तर सरपंचाकडेच जायला हवे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट मात्र बहुतेक वेळा कोणाच्या तरी खासगी गटातून गेलेली असते. त्या जमिनीबाबत ग्रामसभेने एकमताने ठराव केला, तरी त्या ठरावाने कुंपण निघत नाही. ‘हा रस्ता पूर्वापार आहे’ असा सरपंचाचा दाखलाही निवाडा ठरत नाही. फार तर पुढच्या चौकशीत एक कागद म्हणून तो जोडता येतो.

मग पाटील?

‘पाटील’ हा शब्द ऐकल्यावर गावाचा कारभारी डोळ्यांसमोर येतो, पण तो पाटील कायद्याने केव्हाच संपला. पूर्वी पाटीलकी हे वंशपरंपरागत वतन होते. सारा वसूल करणारा मुलकी पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील, अशी कामांची विभागणी असे. कित्येक गावांत दोन्ही कामे एकाच घराकडे असत. हिशेब कुलकर्णी ठेवत. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले आणि त्या जागी पगारी तलाठी आला. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. पाटील आणि कुलकर्णी ही आडनावे टिकली, अधिकार टिकले नाहीत.

आज आहे तो पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार त्याची नेमणूक होते. उमेदवार किमान दहावी उत्तीर्ण, २५ ते ४५ वयाचा आणि त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. परीक्षा व मुलाखतीनंतर नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे प्रांत, करतात. तो मानधनावर काम करतो. नावात पोलीस असले, तरी तो पोलीस दलाचा कर्मचारी नसतो. गावातील गुन्ह्यांची आणि शांततेला धोका असलेल्या घडामोडींची खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला व पोलिसांना देणे, तपासात मदत करणे, गुन्हा घडू नये यासाठी प्रयत्न करणे ही त्याची कामे.

रस्त्याच्या वादात त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच आहे. बांधावर कुऱ्हाडी निघतील अशी वेळ आली, तर ती खबर पोहोचवणे त्याचे कर्तव्य. वाट कोणाची आणि ती खुली व्हावी की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही. पोलीस ठाण्यातही हेच घडते. ‘हा दिवाणी-महसुली वाद आहे’ असे सांगून ठाणे अंमलदार परत पाठवतात, तेव्हा शेतकऱ्याला ती टाळाटाळ वाटते. मारहाण झालेली नसेल, तर त्यांचे म्हणणे बहुधा बरोबरच असते.

तहसीलदाराकडे हा अधिकार आला कसा?

‘तहसील’ या अरबी शब्दाचा अर्थ वसुली. तहसीलदार म्हणजे वसुली करणारा. मराठी मुलखात याच हुद्द्याला मामलेदार किंवा मामलतदार म्हणत. जुन्या गावांतून आजही ‘मामलेदार कचेरी’ ऐकू येते. गोव्यात तर तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याचे अधिकृत पदनाम आजही मामलेदारच आहे आणि तिथे मामलेदार न्यायालयांचा १९६६ चा वेगळा कायदा आहे.

महाराष्ट्रात या जुन्या नावाचा एक कायदा जिवंत आहे : मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६. शेतीच्या कामात खोळंबा करणारे वाद दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिले, तर हंगाम वाया जातो. म्हणून ताबा, वाहते पाणी आणि वहिवाटीची वाट अशा काही वादांत तालुक्याच्या पातळीवर झटपट निवाडा व्हावा, ही या कायद्याची कल्पना. त्यामुळे रस्त्याचा दावा ऐकताना तहसीलदार हा वसुली अधिकारी नसतो, तो न्यायालय म्हणून बसलेला असतो. दोन्ही बाजूंना नोटीस द्यावी लागते, साक्षी घ्याव्या लागतात, कारणे देऊन निकाल लिहावा लागतो.

त्याच तहसीलदाराची तिसरी टोपी तालुका दंडाधिकाऱ्याची. शांतता भंग होण्याची भीती असेल, तर पोलिसांच्या अहवालावरून तो दोन्ही बाजूंकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेऊ शकतो. पूर्वीची ‘१०७ ची कारवाई’ ती हीच. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १२६ खाली आहे. अशा बंधपत्राने भांडण थांबते, रस्ता खुला होत नाही. गावात अनेकदा हीच कारवाई झाल्यावर ‘तहसीलदारांनी प्रकरण मिटवले’ असा समज होतो आणि मूळ दावा दाखलच होत नाही.

तहसीलदाराच्या खाली प्रत्यक्ष जागेवर जाणारी माणसे दोन. तलाठी, ज्याला २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात, गावाचे सातबारा आणि फेरफार सांभाळतो. मंडळ अधिकारी काही गावांच्या गटावर देखरेख करतो. पंचनामा बहुधा या दोघांपैकी एकाच्या हातचा असतो. आदेश देण्याचा अधिकार मात्र दोघांपैकी कोणालाही नाही.

दोन कायदे, दोन वेगळे प्रश्न

सर्वाधिक घोळ इथे होतो. वाट आधीपासून होती आणि ती कोणी अडवली, तर दावा मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली करायचा. वाट कधी नव्हतीच आणि शेतात जायला ती नव्याने हवी आहे, तर अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली करायचा.

पहिल्यात तहसीलदार दोनच गोष्टी पाहतो : वाट वापरात होती का आणि अडथळा सहा महिन्यांच्या आत झाला का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो अडथळा काढण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाई आदेश देतो. दुसऱ्यात त्याला गरज तपासायची असते. शेतात जायला दुसरी वाट आहे का, सर्वांत कमी नुकसान होईल असा मार्ग कोणता, हे पाहून तो वाट देतो; आणि ती शेताच्या मधून नव्हे, हद्दीवरून, म्हणजे बांधाने द्यायची असते. या अर्जाला सहा महिन्यांची अट नाही.

पूर्वापार वाट असताना १४३ खाली अर्ज करणारा शेतकरी आपली रुंद गाडीवाट सोडून बांधाचा वळसा मागून बसतो. नसलेली वाट ‘अडवली’ म्हणून कलम ५ खाली जाणारा पुराव्याअभावी हरतो. अर्ज लिहून देणाऱ्याने कोणते कलम टाकले, हे म्हणूनच आधी वाचून घेतलेले बरे.

वाट पूर्वापार होती की नाही, याचा चांगला पुरावा गावाच्या नकाशात मिळतो. गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ही प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. नकाशावर रेषा नसली, तरी दावा संपत नाही. जुन्या खरेदीखतातील चतुःसीमेत वाटेचा उल्लेख, आजूबाजूच्या खातेदारांचे जबाब आणि जागेवरच्या चाकोऱ्या हेही पुरावे चालतात.

एका प्रकरणाचा प्रवास

समजा, गट ११२ चा शेतकरी गट ११० मधून गेलेल्या गाडीवाटेने वर्षानुवर्षे जातो. ५ जूनला गट ११० च्या मालकाने वाट नांगरून पेरली आणि तोंडाशी काटे लावले. सहा महिन्यांची मुदत त्या दिवसापासून सुरू होते आणि ५ डिसेंबरला संपते.

जूनमध्ये शेतकरी सरपंचाकडे जातो. बैठक होते, समोरचा ‘पीक निघाल्यावर बघू’ म्हणतो. पोलीस पाटील समजूत घालून जातात. जुलैच्या पहिल्या सोमवारी शेतकरी जिल्ह्याच्या लोकशाही दिनात कलेक्टरांना निवेदन देतो. निवेदनावर शेरा पडतो, ‘तहसीलदार, नियमानुसार कार्यवाही करावी’. कागद प्रांत कार्यालयामार्फत ऑगस्टमध्ये तहसीलला पोहोचतो. तहसीलदार मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात आणि तो सप्टेंबरअखेर येतो. ऑक्टोबरमध्ये उत्तर मिळते, ‘आपण सक्षम न्यायालयात रीतसर दावा दाखल करावा’. सक्षम न्यायालय म्हणजे तेच तहसीलदार, पण मामलतदार न्यायालय म्हणून.

या चार महिन्यांत कोणीही चुकीचे वागलेले नाही, तरी मुदतीतले चार महिने गेले. निवेदन दिल्याने मुदत थांबत नाही. आता दावा दाखल करायला शेतकऱ्याकडे दोनच महिने आहेत.

दाव्यात दोन्ही बाजूंची नावे-पत्ते, गट क्रमांक, वाट कुठून कुठे जाते, तिची अंदाजे रुंदी, अडथळा कोणत्या दिवशी आणि कसा केला, साक्षीदार कोण, हे लिहावे लागते. सोबत दोन्ही गटांचे चालू सातबारे, गाव नकाशाची प्रत आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडतात. ‘गेल्या काही दिवसांपासून वाट अडवली आहे’ असे मोघम लिहिले, तर मुदतीचा मुद्दा समोरच्या वकिलाला आयता मिळतो. ‘५ जून’ ही तारीख नेमकी यायला हवी. जूनमध्ये सरपंचाकडे दिलेल्या अर्जाची पोच या ठिकाणी उपयोगी पडते. तिच्यामुळे अडथळ्याचा महिना सिद्ध व्हायला मदत होते.

पुढे नोटिसा निघतात आणि समोरचा म्हणणे मांडतो. सहसा म्हणणे एकच असते, ‘वाट नव्हतीच, मी माणुसकीने जाऊ देत होतो’. मग स्थळपाहणी. गट ११२ ला दुसरीकडून वाट आहे का, जमिनीवर चाकोरीच्या खुणा आहेत का, नकाशातील रेषा कुठे पडते, हे पंचांसमक्ष लिहिले जाते. हा पंचनामा दोन्ही बाजूंच्या हजेरीत होणे महत्त्वाचे. शेतकऱ्याने त्या दिवशी शेतावर थांबावे आणि आपल्याला मान्य नसलेली ओळ पंचनाम्यात असेल, तर सही करताना तसे लिहावे. नंतर बदल होत नाही.

कलेक्टर थेट आदेश का देत नाहीत?

कलेक्टर म्हणजेही वसुली करणाराच. कंपनी सरकारने वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७२ मध्ये, हे पद निर्माण केले. आज जिल्हाधिकारी जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेचा प्रमुख असतो, जिल्हादंडाधिकारी असतो, निवडणुका आणि आपत्ती व्यवस्थापन पाहतो. परंतु जिल्ह्यातील सगळेच त्याच्या हाताखाली असते, हा समज खरा नाही. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा, ग्रामीण आरोग्य आणि ग्रामसेवक यांचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेला. पोलीस दल पोलीस अधीक्षकाच्या हाताखाली असते.

रस्त्याच्या दाव्यात कलेक्टरांच्या हात राखून वागण्याचे कारण वेगळे आहे. मामलतदार न्यायालयाच्या निकालावर अपील नाही, परंतु कलेक्टरकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. हे अधिकार ते उपविभागीय अधिकाऱ्याला देऊ शकतात, त्यामुळे प्रत्यक्षात अशी प्रकरणे प्रांतांसमोर चालतात. ज्याने पुढे निकाल तपासायचा, त्यानेच सुरुवातीला ‘रस्ता खुला करून द्या’ असा लेखी हुकूम सोडला, तर खालच्या सुनावणीला अर्थ उरत नाही. असा हुकूम वरच्या न्यायालयात टिकतही नाही. म्हणून कलेक्टरांच्या पत्रात ‘नियमानुसार’ हा शब्द असतो. अर्जदाराला तो पोकळ वाटतो. कायद्याने त्यांना एवढेच लिहिता येते. कलेक्टरांकडे जायचेच असेल, तर ‘दावा दाखल करून इतके महिने झाले, सुनावणी होत नाही’ ही तक्रार घेऊन जावे. त्यावर ते प्रशासकीय प्रमुख म्हणून तहसीलदाराला जाब विचारू शकतात.

कलम १४३ मध्ये वरची वाट थोडी निराळी आहे. तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत प्रांतांकडे अपील होते किंवा एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. दिवाणी दावा केला, तर महसुली अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही. वकील गाठण्याआधीच या दोहोंतून एक निवडावे लागते.

अर्ज पडून आहे की दावा चालू आहे, हे कसे ओळखावे?

आवक शिक्का असलेली पोच म्हणजे दावा नव्हे. तो फक्त तक्रार अर्ज मिळाल्याचा पुरावा असतो. दावा दाखल झाला असेल, तर त्याला प्रकरण क्रमांक आणि वर्ष पडते, समोरच्याच्या नावे नोटीस निघते आणि सुनावणीची तारीख मिळते. महिनाभरात यांपैकी काहीच झाले नसेल, तर कागद कुठल्या तरी टेबलावर ‘अहवालासाठी’ गेलेला असण्याची शक्यता मोठी.

जिंकलेली प्रकरणेही पुढे अडखळतात, ती दोन कारणांनी. समोरच्याला नोटीस न मिळताच निकाल दिला किंवा स्थळपाहणीच न करता निकाल दिला, तर पुनरीक्षणात तो रद्द होऊन प्रकरण फेरचौकशीला परत येते. म्हणून नोटीस बजावल्याची पोच प्रकरणाच्या फाइलमध्ये लागली आहे का, हे स्वतः पाहिलेले चांगले. दुसरे कारण बदली. सुनावणी अर्ध्यात असताना तहसीलदार बदलले, की तारखा लांबतात. साक्षी लेखी झालेल्या असतील, तर नवे अधिकारी तिथून पुढे जाऊ शकतात. तोंडी बोलणी झालेली असतील, तर पुन्हा पहिल्यापासून.

सहा महिने उलटून गेले असतील, तर कलम ५ चा दरवाजा बंद होतो, बाकीचे नाही. हद्दीवरून वाट मागायला कलम १४३ उरते आणि वहिवाटीचा हक्क सिद्ध करायला दिवाणी न्यायालय. मामलतदार न्यायालयाने वाट दिली, तरी ज्याची जमीन आहे त्यालाही दिवाणी न्यायालयात जाता येते. तिथला हुकूमनामा येईपर्यंत मात्र तहसीलदाराचा आदेश पाळावा लागतो.

आदेश हातात पडल्यावर तो आपोआप अमलात येत नाही. तहसील कार्यालयाकडे अंमलबजावणीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. त्यावर मंडळ अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी ठरल्या दिवशी जागेवर येतात, विरोधाची शक्यता असेल तर पोलीस बंदोबस्त मागवला जातो आणि वाट खुली केल्याचा पंचनामा होतो. त्या दिवशी पोलीस पाटील हजर असतात आणि पंच म्हणून बहुधा गावातीलच कोणी सही करते. त्यानंतर आदेशाची प्रमाणित प्रत जोडून गट ११० च्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात वाटेची नोंद घ्यायला सांगावी. ती नोंद राहिली आणि उद्या गट ११० विकला गेला, तर नवा मालक कोरा सातबारा दाखवून तीच वाट पुन्हा नांगरू शकतो.